सर्वांत मोठा खण आणि सर्वांत उंच खण : हरण्या रोगाच्या एका मोझॅक आलेखाचे वाचन

रावेर-यावल पट्ट्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत केळीच्या लागवड साहित्याविषयी एक मोठा निर्णय घ्यायचा होता आणि तो निर्णय एका मोझॅक आलेखावर अवलंबून होता. आलेख अचूक काढलेला होता आणि त्यामागची माहितीही विश्वासार्ह होती, तरीही पहिल्या बैठकीत त्यातून निघालेला निष्कर्ष उलटा होता. ते कसे घडले आणि कसे सुधारले गेले, याची ही नोंद आहे. कंपनीची आणि व्यक्तींची ओळख झाकली आहे. आकडेही बदलून सोपे केले आहेत, मात्र त्यांचे एकमेकांशी असलेले नाते मूळ प्रकरणाला धरूनच ठेवले आहे.

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात केळीची लागवड मुख्यतः दोन हंगामांत होते. जून-जुलैमध्ये लावलेली ती मृगबाग आणि पावसाळा सरताना लावलेली ती कांदेबाग. लागवडीसाठी शेतकरी टिश्यूकल्चरची रोपे वापरतात, स्वतःच्या निरोगी बागेतला कंद काढून लावतात किंवा दुसऱ्याकडून कंद विकत घेतात. कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होणाऱ्या रोगाला इथे हरण्या म्हणतात. पानांवर शिरांना समांतर फिकट पिवळे पट्टे उमटतात, पानांच्या कडा वेड्यावाकड्या होतात आणि रोग बळावल्यास पोंगा सडून झाड वाया जाते. हा विषाणू बाधित लागवड साहित्यातून नव्या बागेत येऊ शकतो आणि मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. बाधित झाडावर उपचार नाही. ते उपटून नष्ट करणे एवढेच शेतकऱ्याच्या हाती असते.

सलग दोन हंगामांत हरण्याच्या तक्रारी वाढल्यामुळे कंपनीने सभासदांच्या नव्या लागवडीच्या ८०० बागांची पाहणी करून घेतली. जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेल्या पिलबागा वगळल्या. प्रत्येक बाग लागवडीनंतर तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस पाहिली आणि पाच टक्क्यांहून अधिक झाडांवर लक्षणे दिसल्यास त्या बागेपुढे ‘हरण्या आहे’ असे लिहिले. पाहणीत दोनच बाबींची नोंद मुख्य होती, लागवड साहित्य कोणते आणि हरण्या आहे की नाही. दोन्ही बाबी वर्गवारीच्या आहेत, म्हणजे त्यांत मोजमाप नसून प्रकार आहेत, आणि अशा दोन बाबींचा एकत्र हिशेब एका छोट्या तक्त्यात मावतो.

| लागवड साहित्य | हरण्या नाही | हरण्या आहे | एकूण बागा |
|---|---|---|---|
| टिश्यूकल्चर | ३६० | १२० | ४८० |
| घरचा कंद | १६६ | ३४ | २०० |
| विकतचा कंद | ६६ | ५४ | १२० |
| एकूण | ५९२ | २०८ | ८०० |

माहितीचे काम पाहणारा तरुण कृषी पदवीधर होता. संचालकांपुढे कोरडे आकडे ठेवण्याऐवजी चित्र ठेवावे म्हणून त्याने या तक्त्याचा मोझॅक आलेख काढला. या प्रकारच्या आलेखाची पद्धत हार्टिगन आणि क्लायनर यांनी १९८१ मध्ये मांडली. तिचे मूळ तत्त्व एकच आहे: तक्त्यातल्या प्रत्येक घराला एक आयताकृती खण मिळतो आणि त्या खणाचे क्षेत्रफळ त्या घरातल्या संख्येच्या प्रमाणात असते.

अडचण

बैठक फेब्रुवारीत झाली, कारण मृगबागेसाठी टिश्यूकल्चर रोपांची आगाऊ नोंदणी त्याच सुमारास करावी लागते आणि त्यासाठी मोठी रक्कम गुंतवावी लागते. पडद्यावर आलेख आला. डावीकडून उजवीकडे तीन उभे पट्टे होते, पहिला टिश्यूकल्चरचा, दुसरा घरच्या कंदाचा आणि तिसरा विकतच्या कंदाचा. प्रत्येक पट्टा आडवा कापून वरचा भाग निरोगी बागांना आणि खालचा भाग हरण्याच्या बागांना दिला होता. खणांत आकडे लिहिलेले नव्हते.

अध्यक्षांची नजर खालच्या ओळीवर गेली. सभासद त्यांना नाना म्हणतात आणि केळीच्या बाबतीत त्यांचा शब्द पंचक्रोशीत मानला जातो. खालच्या तीन खणांपैकी टिश्यूकल्चरचा खण बाकी दोघांच्या बेरजेपेक्षाही मोठा दिसत होता. नाना म्हणाले, “रोग कुठे आहे ते चित्रच सांगतंय. एवढा पैसा घालून आपण रोपं आणतो आणि निम्म्याहून जास्त हरण्या त्यांच्यातच.” दोन संचालकांनी लगेच दुजोरा दिला आणि येत्या मृगासाठी टिश्यूकल्चरची सामूहिक नोंदणी थांबवावी, असा ठराव चर्चेला आला.

नानांचे विधान खोटे नव्हते, आणि प्रकरणाची खरी अडचण तीच होती. हरण्याच्या २०८ बागांपैकी १२० म्हणजे सुमारे ५८ टक्के बागा खरोखरच टिश्यूकल्चरच्या होत्या. चित्रात तो खण मोठा दिसत होता, कारण तो मोठाच होता. परंतु कंपनीपुढचा प्रश्न वेगळा होता. रोगट बागांमध्ये कोणत्या साहित्याच्या बागा अधिक आहेत, हे तिला ठरवायचे नव्हते. कोणते साहित्य लावल्यास बाग रोगट होण्याचे प्रमाण अधिक राहते, हे ठरवायचे होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्षेत्रफळात असते, तर दुसऱ्याचे उत्तर केवळ उंचीत असते.

खणाची रुंदी, उंची आणि क्षेत्रफळ

आलेख कोणत्या क्रमाने घडतो, हे लक्षात घेतल्यास हा फरक स्पष्ट होतो. आधी एका पूर्ण चौकोनाचे लागवड साहित्यानुसार उभे भाग पडतात. टिश्यूकल्चरच्या बागा एकूण बागांच्या ६० टक्के आहेत, म्हणून तो पट्टा एकूण रुंदीच्या ६० टक्के जागा घेतो. घरच्या कंदाला २५ टक्के आणि विकतच्या कंदाला १५ टक्के रुंदी मिळते. या टप्प्यावर रोगाचा काहीही संबंध नसतो. रुंदी फक्त इतके सांगते की सभासदांमध्ये कोणते साहित्य किती चालते.

त्यानंतर प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे आडवा कापला जातो आणि हा काप त्या पट्ट्यातल्या बागांपुरताच हिशेब मांडतो. टिश्यूकल्चरच्या ४८० पैकी १२० बागांत हरण्या आहे, म्हणून त्या पट्ट्यातला खालचा खण २५ टक्के उंच असतो. घरच्या कंदाच्या २०० पैकी ३४, म्हणजे १७ टक्के. विकतच्या कंदाच्या १२० पैकी ५४, म्हणजे ४५ टक्के. खणाचे क्षेत्रफळ हा रुंदी आणि उंचीचा गुणाकार असल्यामुळे, टिश्यूकल्चरचा खण मोठा होण्यामागे त्याची उंची नसून त्याच्या पट्ट्याची रुंदी होती. तो खण पसरट होता, तर विकतच्या कंदाचा खण अरुंद आणि उंच होता. बागांच्या संख्येत तो निम्म्याहून लहान असला, तरी प्रमाणात जवळजवळ दुप्पट उंच होता.

माणसाची नजर अशा वेळी क्षेत्रफळाकडे ओढली जाणे स्वाभाविक आहे. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवले की एकाच पायारेषेवरून सुरू होणाऱ्या लांब्यांची तुलना आपण बऱ्यापैकी अचूक करतो, पण क्षेत्रफळांची तुलना करताना त्यापेक्षा जास्त चुकतो. मोझॅक आलेखात या दोन्ही गोष्टी एकत्र असतात, म्हणून वाचकाला आधी कशाकडे पाहायचे हे सांगावेच लागते. माझ्या मते या आलेखाची पहिली शिकवणी ‘क्षेत्रफळ म्हणजे संख्या’ या वाक्याने सुरू होऊ नये. ते वाक्य खरे आहे, पण ते एकटे सांगितले की वाचक मोठ्या खणालाच महत्त्वाचा खण समजतो.

त्या बैठकीत आणखी एक घोटाळा होऊ पाहत होता आणि तो वेळीच लक्षात आला. एका सभासदाने विचारले की टिश्यूकल्चरचा खण एवढा मोठा आहे, तर किती एकरांवर हरण्या पसरला असे समजायचे. चित्रातले क्षेत्रफळ शेताचे क्षेत्रफळ नसते. त्या आलेखात दोन एकरांची बाग आणि दहा एकरांची बाग दोघींनाही सारखीच जागा मिळाली होती, कारण मोजणीचे एकक बाग हे होते. शेतकऱ्यांपुढे हा आलेख ठेवताना ही गोष्ट आलेखाच्या माथ्यावरच लिहावी, कारण क्षेत्रफळ म्हटल्यावर त्यांच्या मनात एकर येणारच.

समोर असलेले पर्याय

ठराव मताला टाकण्याऐवजी एक आठवडा थांबावे, असे एका संचालिकेने सुचवले. त्या पूर्वी भुसावळच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होत्या आणि सगळे त्यांना ताई म्हणतात. त्या आठवड्यात आलेखाचे काय करायचे, याविषयी ताई आणि आलेख काढणारा तरुण या दोघांनी तीन वाटांचा विचार केला.

पहिली वाट म्हणजे मोझॅक सोडून शेकडेवारीचे साधे दंडालेख देणे. सारख्या जाडीचे तीन दंड आणि त्यांच्या २५, १७ व ४५ टक्के अशा उंच्या दाखवल्या असत्या, तर कोणाचाही गैरसमज झाला नसता. पण त्यात ४५ टक्के हा आकडा १२० बागांवर उभा आहे आणि २५ टक्के हा ४८० बागांवर, ही गोष्ट नाहीशी झाली असती. विकतचा कंद थांबवला तर किती सभासदांना फटका बसेल, हे संचालकांना त्याच चित्रात दिसणे आवश्यक होते आणि ते रुंदीतूनच दिसते. केवळ प्रमाण सांगायचे असते, तर मीही दंडालेखच निवडला असता. इथे मात्र प्रमाण आणि पसारा दोन्ही हवे होते.

दुसरी वाट म्हणजे कापण्याचा क्रम उलटवणे. आधी हरण्या आहे आणि नाही असे दोन पट्टे पाडायचे आणि मग प्रत्येक पट्टा साहित्यानुसार कापायचा. तरुणाने तो आलेख काढून पाहिला. त्यात हरण्याच्या पट्ट्यात टिश्यूकल्चरचा वाटा सुमारे ५८ टक्के आणि निरोगी पट्ट्यात सुमारे ६१ टक्के दिसला. नानांचा ५८ टक्क्यांचा आकडा आता त्याच्या योग्य शेजाऱ्याजवळ आला होता. निरोगी बागांतही टिश्यूकल्चरचा वाटा तेवढाच किंवा थोडा अधिकच होता, म्हणजे रोगट बागांतले त्याचे बाहुल्य हे मुळात सगळीकडे असलेले बाहुल्य होते. याउलट विकतच्या कंदाचा वाटा निरोगी पट्ट्यात ११ टक्के होता आणि हरण्याच्या पट्ट्यात २६ टक्के झाला होता. आकडे तेच असूनही या चित्राने नानांच्या आक्षेपाला थेट उत्तर दिले. मात्र लागवडीचा निर्णय घेण्यासाठी ते चित्र गैरसोयीचे होते, कारण शेतकरी आधी साहित्य निवडतो आणि रोग नंतर येतो. ज्याच्यावर आपले नियंत्रण आहे ती बाब आधी कापावी आणि जिचा परिणाम पाहायचा ती नंतर, असे त्यांनी ठरवले.

तिसरी वाट म्हणजे मूळ क्रम ठेवून आलेख वाचता येईल असा सुधारणे. तीच निवडली गेली.

केलेले काम

आलेख आर या संगणकीय भाषेत काढला होता. सुधारित आलेखाची आज्ञा पुढीलप्रमाणे होती.

```r
t <- matrix(c(360, 166, 66, 120, 34, 54), nrow = 3,
  dimnames = list(sahitya = c("TC", "gharcha", "vikat"),
                  harnya  = c("nahi", "ahe")))
mosaicplot(t, shade = TRUE)
chisq.test(t)$residuals
```

यात क्रमाला महत्त्व आहे. `mosaicplot` ही आज्ञा पहिल्या बाबीचे उभे पट्टे पाडते आणि दुसऱ्या बाबीचे प्रकार वरून खाली लावते. ‘आहे’ हा प्रकार शेवटी ठेवल्यामुळे हरण्याचे सगळे खण तळाशी आले आणि एकाच पायारेषेवर उभे राहिले, म्हणून त्यांच्या उंच्यांची तुलना डोळ्यांनी करता आली. रोगाचे तीन प्रकार असते, तर मधल्या प्रकाराचे खण अधांतरी राहिले असते आणि त्यांची तुलना कठीण झाली असती. ताईंनी पडताळणीसाठी तोच तक्ता `vcd` या संचातल्या `mosaic` या आज्ञेने काढला, तेव्हा आलेख वेगळाच दिसला, कारण ती आज्ञा मूलतः आधी आडवे काप घेते. तिथे साहित्याच्या आडव्या पट्ट्या झाल्या आणि प्रमाण उंचीऐवजी रुंदीत वाचावे लागले. त्यामुळे परक्या मोझॅक आलेखात आधी पहिला काप कोणत्या बाबीचा आणि कोणत्या दिशेने आहे ते शोधावे. जे काप आलेखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातात, ते पहिल्या बाबीचे असतात.

यानंतर आलेखावर एक तुटक आडवी रेघ २६ टक्के उंचीवर ओढली. २०८ भागिले ८०० म्हणजे २६ टक्के, हे सर्व बागांचे सरसकट प्रमाण. साहित्य आणि रोग यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता, तर तिन्ही पट्ट्यांतले आडवे काप याच रेघेवर आले असते आणि आलेख एका सरळ रेषेत कापलेला दिसला असता. काप या रेघेपासून किती सरकले आहेत, हेच या आलेखात वाचायचे असते. टिश्यूकल्चरचा काप रेघेच्या किंचित खाली होता, घरच्या कंदाचा स्पष्टपणे खाली, तर विकतच्या कंदाचा बराच वर. ही एक रेघ ओढल्याने आलेखाचे वाचन सर्वाधिक सुधारले. खणांत बागांची संख्याही लिहिली.

रंगांचा प्रश्न

`shade = TRUE` लिहिल्यावर खणांना रंग येतात आणि तिथे दुसरा निर्णयाचा क्षण आला. हे रंग रोगाची तीव्रता दाखवत नाहीत. संबंध नसता तर त्या खणात किती बागा असत्या आणि प्रत्यक्ष किती आहेत, यांतला फरक अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाने भागून जो आकडा येतो, त्याला पिअर्सन अवशेष म्हणतात. रंग त्या आकड्यावर ठरतो. विकतच्या कंदात हरण्याच्या अपेक्षित बागा १२० च्या २६ टक्के म्हणजे ३१.२ होत्या आणि सापडल्या ५४. फरक २२.८ चा, ३१.२ चे वर्गमूळ सुमारे ५.५९, म्हणून अवशेष सुमारे ४.१ आला. अवशेष २ च्या पुढे गेल्यास फिकट रंग आणि ४ च्या पुढे गेल्यास गडद रंग मिळतो. दोन्ही दिशांना २ च्या आत असलेला खण पांढरा राहतो.

या नियमाने विकतच्या कंदाचा हरण्याचा खण गडद निळा झाला. घरच्या कंदाच्या हरण्याच्या खणाचा अवशेष उणे २.५ आला आणि तो फिकट लाल झाला. विकतच्या कंदाच्या निरोगी बागांचा खण उणे २.४ मुळे फिकट लाल झाला. टिश्यूकल्चरचे दोन्ही खण पांढरे राहिले, कारण तिथला अवशेष उणे ०.४ आणि अधिक ०.३ च्या आसपास होता.

तरुणाने हे चित्र बैठकीआधी दोन सभासदांना दाखवले आणि दोघांनीही लाल म्हणजे धोका असेच वाचले. त्यांना घरच्या कंदात मोठा रोग दिसला, प्रत्यक्षात लाल रंग तिथे अपेक्षेपेक्षा कमी रोग असल्याचे सांगत होता. लाल रंग उण्यासाठी आणि निळा अधिकासाठी, ही आज्ञेतली ठरलेली रंगयोजना आहे. चांगले-वाईट तिला माहीत नसते. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे एकाच रंगाचे दोन खण उलट अर्थाचे होते. घरच्या कंदातला लाल खण म्हणजे रोग कमी, आणि विकतच्या कंदातला लाल खण म्हणजे निरोगी बागा कमी. पांढऱ्या खणाबाबतही असेच झाले. एकाने त्याचा अर्थ ‘रोग नाही’ असा घेतला. टिश्यूकल्चरमध्ये १२० बागांत रोग होता. पांढरा रंग एवढेच सांगत होता की तो सरसकट प्रमाणाइतकाच आहे.

इथे दोन मते होती. तरुणाला रंग काढून टाकायचे होते. ताईंचे म्हणणे होते की रंग नसले तर किती सरकलेला काप दखल घेण्याजोगा आहे, हे ठरवायला काहीच आधार राहत नाही. शेवटी आज्ञेतली ठरलेली रंगयोजना सोडून अधिकासाठी गडद करडा आणि उण्यासाठी फिकट करडा देऊन, वरच्या निरोगी ओळीतले रंग पूर्ण काढले आणि खालच्या ओळीतल्या खणांवर ‘अपेक्षित ३१, आढळल्या ५४’ अशा पद्धतीने शब्दांत लिहिले. मला हा तोडगा योग्य वाटतो. दोनच प्रकारांची बाब असेल, तर एका ओळीचे रंग दुसऱ्या ओळीतली माहितीच उलट्या चिन्हाने सांगतात आणि वाचकाला विनाकारण दोनदा विचार करायला लावतात.

हंगामाची शंका

दुसऱ्या बैठकीपूर्वी ताईंनी एक शंका काढली. विकतचा कंद मुख्यतः मृगबागेत लावला गेला असेल आणि पावसाळ्यातल्या ढगाळ हवेत हरण्या तसाही जास्त दिसत असेल, तर उंच खणाचे कारण कंद नसून हंगाम असू शकतो. दोन बाबींचा आलेख या शंकेचे उत्तर देऊ शकत नाही, कारण तिसरी बाब त्यात नाहीच. म्हणून हंगामनिहाय दोन वेगळे आलेख काढले. विकतच्या कंदाच्या १२० पैकी ९० बागा खरोखरच मृगाच्या होत्या आणि मृगबागेत तिन्ही प्रकारांत रोग अधिक होता. म्हणजे शंकेत तथ्य होते. तरीही मृगबागेपुरते पाहिल्यास विकतच्या कंदात सुमारे ४९ टक्के, टिश्यूकल्चरमध्ये ३२.५ आणि घरच्या कंदात २५ टक्के, असा क्रम कायम राहिला.

कांदेबागेच्या आलेखातही क्रम तोच होता, पण तिथे विकतच्या कंदाचा पट्टा अगदी अरुंद होता. ३० पैकी १० बागांत हरण्या होता. त्यांतल्या दोन बागांची नोंद इकडची तिकडे झाली असती, तर खणाची उंची जवळजवळ सात टक्क्यांनी बदलली असती. अरुंद पट्ट्यातला उंच खण पाहिला की त्यात मुळात किती बागा आहेत हे आधी वाचावे. मोझॅक आलेखाचा हा गुणच आहे की तो पट्टा अरुंद ठेवून ही सावधगिरी स्वतः सुचवतो.

निर्णय आणि परिणाम

दुसऱ्या बैठकीत आधी उलट क्रमाचा आलेख दाखवला, कारण नानांच्या ५८ टक्क्यांचा मान राखून त्याच्या शेजारचे ६१ टक्के दाखवणे आवश्यक होते. त्यानंतर तुटक रेघेचा आलेख ठेवला. नाना काही वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे रोपं बदनाम झाली ती जास्त लावली म्हणून.” नोंदणी थांबवण्याचा ठराव मागे घेतला गेला. त्याऐवजी विकतचा कंद ज्या बागेतून घ्यायचा ती बाग कंपनीच्या माणसाने आधी पाहावी, कंदाचे मूळ नोंदवहीत लिहावे आणि सर्वच बागांत माव्याचे नियंत्रण व बाधित झाडे उपटणे काटेकोरपणे करावे, असे ठरले.

पुढच्या वर्षी तशाच पद्धतीने पुन्हा ८०० बागा पाहिल्या. विकतच्या कंदाच्या बागा १२० वरून ४० वर आल्या आणि त्यांतल्या १४ मध्ये हरण्या होता. टिश्यूकल्चरच्या ५२० पैकी ११४ आणि घरच्या कंदाच्या २४० पैकी ३६ बागांत तो आढळला. सरसकट प्रमाण २६ वरून २०.५ टक्क्यांवर आले. हे सगळे श्रेय नव्या नियमाला द्यावे, असा मोह झालाच, म्हणून घट कुठून आली ते तपासले. आधीच्या वर्षाच्या उंच्या तशाच ठेवून फक्त पट्ट्यांच्या नव्या रुंदी घेतल्या, तर प्रमाण २३.६ टक्के येते. म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या घटीपैकी जवळजवळ अडीच टक्के केवळ जास्त रोगाचा पट्टा अरुंद झाल्याने आले. उरलेली तीन टक्क्यांची घट तिन्ही पट्ट्यांत उंची कमी झाल्यामुळे होती, आणि ती काळजीमुळे झाली की त्या वर्षीच्या हवामानामुळे, हे या आलेखातून सांगता येत नाही.

रंगाच्या बाबतीतही सावध राहावे लागले. विकतच्या कंदाचा हरण्याचा खण आता जेमतेम फिकट रंगात आला, अवशेष २ च्या काठावर होता. काहींना वाटले की विकतच्या कंदाचा प्रश्न सुटला. खरे तर त्यातले प्रमाण अजूनही ३५ टक्के होते. अवशेष संख्येवर अवलंबून असतो. प्रमाणे तीच ठेवून सगळ्या बागा एक-दशांश केल्या, तर पहिल्या वर्षीचा ४.१ हा अवशेष १.३ वर आला असता आणि खण पांढरा पडला असता. रंग फिका होण्यामागे रोग कमी झाला असेल किंवा नुसता पट्टा अरुंद झाला असेल, आणि या ठिकाणी दोन्ही घडले होते.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या बैठकीत आकडे नसलेला आलेख दाखवायला नको होता. सहा खणांच्या आलेखात सहा आकडे सहज मावतात आणि ते असते, तर ‘४८० पैकी १२०’ आणि ‘१२० पैकी ५४’ ही तुलना कोणीतरी तिथेच केली असती.

मोजणीचे एकक निवडण्यावर आणखी विचार व्हायला हवा होता. बाग हे एकक सोयीचे होते, पण एकाच शेतकऱ्याच्या तीन बागा किंवा एकाच शिवारातल्या लगतच्या बागा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. मावा बांध ओळखत नाही. अवशेषांचे २ आणि ४ हे उंबरठे प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असे धरून चालतात. त्यामुळे इथले रंग वास्तवापेक्षा थोडे अधिक ठाम आहेत असे मानावे लागते. शेतकऱ्याचा क्रमांक नोंदीत असता, तर एका शेतकऱ्याची एकच बाग घेऊन आलेख पुन्हा काढता आला असता आणि काप तिथेच राहतात का, हे पाहता आले असते.

पाच टक्के ही मर्यादाही तपासायला हवी होती. ती दोन टक्के किंवा दहा टक्के केली असती, तर तुटक रेघ वरखाली झाली असती. साहित्यांचा क्रम टिकला असता की नाही, हे झाडांची मूळ मोजणी जपली नसल्यामुळे नंतर तपासता आले नाही. येत्या मृगाच्या पाहणी अर्जात म्हणून तीन रकाने वाढवले आहेत: शेतकऱ्याचा क्रमांक, पाहिलेली झाडे आणि त्यांपैकी लक्षणे असलेली झाडे.